जेपीईजी फोटो क्वालिटी न घालवता फिरवणं आणि कापणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो नुसता फिरवला, त्यात काही बदललं नाही, तर क्वालिटी कशाला जाईल?

फिरवल्यामुळे नाही जात, परत सेव्ह केल्यामुळे जाते. जेपीईजी फाईलमध्ये पिक्सेल जसेच्या तसे ठेवलेले नसतात. फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे छोटे चौकोन पाडलेले असतात, प्रत्येक चौकोनाचं गणित करून त्याचे 64 आकडे काढतात (हा भाग एकंदर किती उजळ, किती भरभर बदलतोय, आडवा बदलतोय की उभा, असे), मग त्या प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या टेबलमधल्या आकड्याने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्ण संख्येला आणून ठेवतात. नुकसान मुख्यतः या शेवटच्या पायरीत होतं, कारण 3.4 चे 3 झाले की तो .4 कायमचा गेला.

आता साध्या एडिटरमध्ये फोटो उघडून फिरवला आणि सेव्ह केला की काय होतं, तर फाईलचे पूर्ण पिक्सेल बनतात, ते फिरतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून चौकोन, गणित, भागाकार, पूर्ण संख्या. म्हणजे जो काटछाटीचा प्रकार कॅमेऱ्याने एकदा केला होता तोच पुन्हा, आणि बहुतेक वेळा कॅमेऱ्यापेक्षा वेगळ्या टेबलने.

मग लॉसलेस फिरवणं म्हणजे नक्की काय करतात?

पिक्सेल बनवायचेच नाहीत. फाईलमधले ते भागून ठेवलेले आकडे तसेच वाचायचे, आणि फोटो 90 अंश फिरवायचा असेल तर चौकोन नवीन जागी न्यायचे, चौकोनाच्या आत आडव्या ओळींच्या उभ्या ओळी करायच्या, आणि ठराविक आकड्यांची चिन्हं उलटी करायची, अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक. भागाकाराचं टेबल पण तसंच उभं-आडवं करून ठेवतात. यात कुठेही गुणाकार नाही, भागाकार नाही, म्हणजे पूर्ण संख्या करायची वेळच येत नाही, सगळे आकडे आधीपासून पूर्णच आहेत. म्हणून शंभर वेळा फिरवा, काही झिजत नाही. आणि हे फक्त 90, 180, 270 आणि आरशासारखं उलटं करण्यासाठीच चालतं, कारण चौकोन तेवढ्यातच चौकोनावर नीट बसतो.

एकदा दोनदा सेव्ह केलं तर डोळ्यांना फरक दिसतो का खरंच?

खरं सांगायचं तर एकदा चांगल्या क्वालिटीला सेव्ह केलं तर बऱ्याच जणांना दिसणार नाही. आणि अजून एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे काहीच न बदलता त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याच क्वालिटीला पुन्हा पुन्हा सेव्ह केलं तर नुकसान पहिल्या काही वेळांनंतर जवळजवळ थांबतं, कारण चौकोन त्याच जागी असतात, टेबल तेच असतं, आकडे परत तिथेच येऊन बसतात.

गडबड होते ती कापल्यावर. समजा तुम्ही डावीकडून 5 पिक्सेल कापले, आता नवीन चौकोन जुन्या चौकोनांपेक्षा 5 पिक्सेल सरकून पडतात, म्हणजे जुन्या चौकोनांच्या कडा आता नवीन चौकोनांच्या मध्यात आल्या, आणि सॉफ्टवेअर त्या कडांना फोटोतला खरा तपशील समजून त्यांचंही गणित करतं. दर वेळी थोडं थोडं कापून सेव्ह केलं की दर वेळी जाळी सरकते आणि दर वेळी नवीन नुकसान. अक्षरांच्या कडेला जी धुरकट घाण दिसते, लाल रंग काळ्या रेषेत पसरल्यासारखा दिसतो, आकाशात ठोकळे दिसायला लागतात, ते सगळं यामुळे वाढत जातं. तुम्हाला बघायचं असेल तर जुन्या कागदपत्राचा फोटो 300 टक्के झूम करून बघा, फोटोपेक्षा अक्षरांवर हे फार लवकर कळतं.

क्वालिटी 100 ठेवून सेव्ह केलं तर चालेल ना?

नुकसान कमी होतं पण लॉसलेस नाही होत. 100 ला टेबलमधले आकडे 1 असतात, तरी पूर्ण संख्या करणं आहेच, रंग एका पद्धतीतून दुसऱ्यात नेताना होणारी काटछाट आहेच, शिवाय काही एडिटर रंगाची माहिती अर्ध्या रिझोल्यूशनवर आणतात ते वेगळंच. आणि फाईल उगाच फुगते, दुप्पट तिप्पट सहज. वाढलेल्या साईजमध्ये नवीन काही नसतं, जुनंच नुकसान जास्त काळजीपूर्वक साठवलेलं असतं.

कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं?

मूळ टूल म्हणजे `jpegtran`, इंडिपेंडंट जेपीईजी ग्रुपच्या लायब्ररीबरोबर येणारं, आणि हल्ली सगळीकडे असलेल्या लिबजेपेग-टर्बोबरोबरही येतं. उबंटू किंवा डेबियनवर `libjpeg-turbo-progs` हे पॅकेज टाका, मॅकवर होमब्रू असेल तर `jpeg-turbo`. कमांड लिहायची नसेल तर विंडोजवर इरफानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू, फास्टस्टोन या तिन्हींमध्ये लॉसलेस फिरवायची आणि कापायची वेगळी सोय आहे, पण नेहमीचं क्रॉप आणि हे वेगळं असतं हे लक्षात ठेवा, मेनूमध्ये लॉसलेस असा शब्द दिसला तरच ते.

खाली मी `jpegtran` च्याच कमांड दिल्यात कारण त्यात काय चाललंय ते लपत नाही. दोन सवयी आधीच लावून घ्या: आउटपुटला नेहमी वेगळं नाव द्या, आणि `>` ऐवजी `-outfile` वापरा, कारण `>` ने तीच फाईल दिली तर ती वाचायच्या आधीच रिकामी होते, आणि विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये `>` फोटोची फाईल बिघडवून टाकतो.

सगळे म्हणतात लॉसलेस, मग माझ्या फोटोची कड का कापली गेली?

हाच यातला खरा मुद्दा आहे, म्हणून एक फोटो घेऊन बघू. समजा वाड्याच्या दरवाज्याचा फोनवर काढलेला फोटो आहे, `wada.jpg`. आधी दोन गोष्टी बघायच्या, साईज आणि रंगाची पद्धत, त्यासाठी `exiftool` हे वेगळं टूल लागतं:

```
exiftool -ImageSize -YCbCrSubSampling wada.jpg
```

समजा उत्तर आलं `4000x3000` आणि `YCbCr4:2:0 (2 2)`. दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की रंगाची माहिती उभी-आडवी अर्ध्या रिझोल्यूशनवर ठेवलीय, म्हणजे रंगाचा एक 8 बाय 8 चौकोन प्रत्यक्षात 16 बाय 16 पिक्सेलवर पसरतो. म्हणून या फाईलमध्ये हलवता येणारा सगळ्यात लहान तुकडा 16 बाय 16 आहे. फोनचे बहुतेक फोटो असेच असतात. `4:4:4` असेल तर तुकडा 8 बाय 8 चा, `4:2:2` असेल तर 16 रुंद आणि 8 उंच.

आता 4000 भागिले 16 बरोबर 250, पूर्ण. पण 3000 भागिले 16 म्हणजे 187 आणि वर 8 उरले. म्हणजे फोटोच्या तळाशी एक अर्धी रांग आहे जिच्यात वरचे 8 पिक्सेल खरे आणि खालचे 8 नुसती भर. खोलीत फरश्या बसवताना शेवटच्या भिंतीला जशी कापलेली फरशी येते तसंच हे, आणि जेपीईजीचा नियम असा आहे की अशी कापलेली फरशी फक्त उजव्या आणि खालच्या भिंतीलाच चालते, डाव्या किंवा वरच्या नाही.

घड्याळाच्या दिशेने 90 फिरवलं की तळ डावीकडे जातो, आणि तिथे अर्धा तुकडा बसत नाही. म्हणून आधी हे विचारा:

```
jpegtran -copy all -perfect -rotate 90 -outfile wada-90.jpg wada.jpg
```

`-copy all` म्हणजे फोटोबरोबर साठवलेली तारीख, लोकेशनसारखी माहितीही तशीच ने, आणि `-perfect` म्हणजे पूर्ण अचूक जमत असेल तरच कर. इथे ते नकार देईल, `transformation is not perfect` असं सांगून. मग `-perfect` च्या जागी `-trim` टाकायचं, म्हणजे ती 8 पिक्सेलची रांग सोडून दिली जाते आणि 2992x4000 चा फोटो मिळतो, बाकी सगळं अचूक. दोन्हीपैकी काहीच नाही टाकलं तर टूल तो अर्धा तुकडा जमेल तसा ठेवून देतं, आणि डावीकडे असायला हवी ती 8 पिक्सेलची पट्टी उजव्या कडेला विचित्र चिकटलेली दिसते. उजव्या किंवा खालच्या कडेला अशी बारीक चुकीची पट्टी दिसली की समजायचं हेच झालंय.

गंमत म्हणजे हाच फोटो `-rotate 270` ने फिरवला तर `-perfect` ला काही हरकत नसते, कारण तेव्हा तळ उजवीकडे जातो आणि तिथे अर्धा तुकडा चालतो. म्हणून मग तीनदा 270 करून 90 मिळवू असं वाटेल, पण दुसऱ्याच वेळी तो अर्धा तुकडा उजवीकडून वर जायला बघतो आणि तिथे अडतो.

4032x3024 आणि 3264x2448 या साईजना ही भानगड नाही, दोन्ही बाजूंना 16 ने पूर्ण भाग जातो. 1920x1080 ला आहे, 1080 मध्ये तेच 8 उरतात.

कापताना मी दिलेल्या मापापेक्षा फोटो मोठा का येतो?

कारण तेच. कापलेल्या फोटोचा डावा-वरचा कोपरा तुकड्याच्या कडेवरच असावा लागतो. त्याच फोटोमधून दरवाजा तेवढा हवाय, 1500 रुंद, 2000 उंच, डावीकडून 1005 आणि वरून 610 वर सुरू होणारा, तर कमांड अशी:

```
jpegtran -copy all -crop 1500x2000+1005+610 -outfile dar.jpg wada.jpg
```

मिळतो 1513x2002. टूल गुपचूप 1005 चं 992 करतं (62 गुणिले 16) आणि 610 चं 608 (38 गुणिले 16), उजवी आणि खालची कड मात्र तुम्ही सांगितली तिथेच ठेवतं, म्हणून डावीकडे 13 आणि वर 2 पिक्सेल जास्तीचे आले. जास्तीत जास्त 15 पिक्सेलचा फरक पडू शकतो, 4000 च्या फोटोत तो कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पासपोर्ट फोटोसारखं नेमकं माप हवं असेल तर हा मार्ग त्यासाठी नाही.

माझा सल्ला असा की सुरुवात आणि माप दोन्ही स्वतःच 16 च्या पटीत घ्या. इथे `1520x2016+992+608` दिलं तर उजवीकडे 7 आणि खाली 14 पिक्सेल अजून वाढतात, पण आता फोटोच्या चारही कडा तुकड्यांच्या कडांवर आहेत, म्हणजे यापुढे तो कुठल्याही दिशेला फिरवा, `-perfect` कधी अडवणार नाही. कापायचं आणि फिरवायचं दोन्ही असेल तर आधी असं कापा आणि मग फिरवा.

फिरवल्यावर फोटो सरळ व्हायच्या ऐवजी अजून आडवा झाला, असं का?

ओरिएंटेशन टॅगमुळे. फोन उभा धरून फोटो काढला तरी सेन्सर आडवाच असतो, त्यामुळे बरेच फोन पिक्सेल आडवेच, 4000x3000, साठवतात आणि फोटोबरोबर ठेवलेल्या एक्झिफ माहितीमध्ये एक आकडा लिहितात. 1 म्हणजे जसा आहे तसा दाखवा, 6 म्हणजे घड्याळाच्या दिशेने 90 फिरवून दाखवा, 8 म्हणजे उलट्या दिशेने, 3 म्हणजे उलटा. गॅलरी हा आकडा वाचून फोटो सरळ दाखवते.

आता तुम्ही `jpegtran` ने पिक्सेल 90 फिरवले आणि `-copy all` मुळे टॅगमधला 6 तसाच राहिला, तर गॅलरी सरळ झालेल्या फोटोला पुन्हा 90 फिरवते. म्हणून फिरवल्यावर टॅग 1 करायचा:

```
exiftool -Orientation=1 -n wada-90.jpg
```

यात फोटोच्या डेटाला हात लागत नाही, आणि जुनी फाईल `_original` नावाने बाजूला राहते. ढिगाने फोटो असतील तर `exiftran -ai *.jpg` बघा, ते टॅग वाचून पिक्सेल फिरवतं, टॅग 1 करतं आणि आतला थंबनेल पण फिरवतं, पण ते मूळ फाईलवरच लिहितं, त्यामुळे आधी कॉपी ठेवा.

मग नुसता टॅगच बदलला तर?

चालतं, आणि एका अर्थाने तेच सगळ्यात स्वच्छ आहे, एकही तुकडा हलत नाही, कड कापायचा प्रश्नच नाही. फोनमध्ये आणि आजच्या ब्राउझरमध्ये नीट दिसतो. अडचण जुन्या सॉफ्टवेअरची आणि काही अपलोड फॉर्मची असते, ते टॅग बघत नाहीत आणि तुमचा फोटो आडवा चिकटवतात. स्वतःच्या संग्रहासाठी टॅग पुरतो, कुणाला द्यायचा किंवा कुठे अपलोड करायचा असेल तर पिक्सेल फिरवून टॅग 1 करून द्या.

कापून टाकलेला भाग फाईलमध्ये कुठे राहतो का?

हो, दोन ठिकाणी राहू शकतो, आणि आधार कार्डासारख्या कागदाचा फोटो कापत असाल तर हे नक्की वाचा. पहिली जागा म्हणजे थंबनेल. एक्झिफमध्ये मूळ फोटोचं छोटं चित्र असतं, `-copy all` ते जसंच्या तसं नेतं, म्हणजे तुम्ही कापलेला माणूस किंवा नंबर त्या छोट्या चित्रात अजून आहे. ते काढायला:

```
exiftool -ThumbnailImage= dar.jpg
```

दुसरी जागा म्हणजे उजवी आणि खालची कड. ती 16 च्या पटीत नसेल तर शेवटच्या तुकड्यातला पुढचा भाग फाईलमध्ये असतोच, फक्त दाखवला जात नाही, माप बदललं की दिसू शकतो. चारही कडा पटीत घेतल्या तर हा प्रश्नही मिटतो.

सगळी माहिती काढायला `-copy none` आहे, पण ते तारीख आणि लोकेशनबरोबर रंगाची प्रोफाईल पण उडवतं, आणि ज्या फोनचे फोटो जास्त रंगांच्या प्रोफाईलमध्ये असतात ते त्यानंतर फिके दिसायला लागतात. नवीन आवृत्तीत `-copy icc` आहे, ते फक्त प्रोफाईल ठेवतं. आणि ओरिएंटेशन टॅगही यात जातो हे विसरू नका, पिक्सेल आधी सरळ केलेले हवेत.

माझं सॉफ्टवेअर खरंच लॉसलेस करतंय हे कसं ओळखायचं?

फोटो फिरवून परत मूळ जागी आणा आणि पहिल्याशी ताडून बघा. दोन्ही मापं 16 च्या पटीत असलेला फोटो घ्या म्हणजे कडेचा गोंधळ नको, 180 दोनदा फिरवा, आणि इमेजमॅजिक असेल तर:

```
jpegtran -copy all -perfect -rotate 180 -outfile b.jpg a.jpg
jpegtran -copy all -perfect -rotate 180 -outfile c.jpg b.jpg
compare -metric AE a.jpg c.jpg null:
```

उत्तर 0 म्हणजे एकही पिक्सेल वेगळा नाही. स्वतःच्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची तर पहिल्या दोन ओळींचं काम त्यात करा, पण दोन्ही वेळा सेव्ह करून, फाईल बंद करून पुन्हा उघडून, नुसतं स्क्रीनवर दोनदा फिरवून नाही. हजारो किंवा लाखोंत आकडा आला तर ते दर वेळी नव्याने कॉम्प्रेस करतंय.

फिरवल्यावर फाईलची साईज थोडी कमी झाली, काहीतरी गेलं का?

आकडे तेच असतात, पण ते शेवटी आवळून लिहायची एक पद्धत असते, तिच्यात शेजारच्या तुकड्याशी तुलना होते, आणि फिरवल्यावर शेजारी बदलतात, म्हणून साईज थोडी वर खाली होते. `-optimize` दिलं तर ते आवळणं याच फोटोसाठी मोजून केलं जातं आणि फाईल अजून थोडी लहान होते, तेही लॉसलेसच. साईज एकदम अर्धी किंवा दुप्पट झाली तरच शंका घ्या.

तिरका फोटो दोन अंश सरळ करायचाय, उजेड वाढवायचाय, ते पण असंच होईल का?

नाही. दोन अंश फिरवलं की प्रत्येक पिक्सेल नवीन बनतो, उजेड, रंग, रिसाईज सगळ्याचं तसंच, तिथे पुन्हा कॉम्प्रेस करावंच लागतं. अशा वेळी मधल्या सगळ्या पायऱ्या पीएनजी किंवा टिफमध्ये सेव्ह करा, आणि जेपीईजी फक्त शेवटी एकदाच, मूळ फाईल न पुसता.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो असा फिरवला तर क्वालिटी परत येईल का?

गेलेली परत येत नाही, लॉसलेस म्हणजे आधी झालेल्या नुकसानात भर न पडता काम होणं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान करून पुन्हा कॉम्प्रेस होतो, त्यामुळे ज्याने काढलाय त्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग फाईल आहे तशी येते, आणि त्या फाईलवर वरचं सगळं करा. तुम्ही पुढे पाठवतानाही तसंच, नाहीतर `-perfect` बघून केलेलं काम पाठवताक्षणी वाया जातं.